बॉक्सवर १०८, भिंतीवर ९४

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात हॉल भरलाय, बरं वाटलं. मला पंचेचाळीस मिनिटं दिली आहेत आणि विषय फळ्यावर लिहिलेलाच आहे, टीव्हीचे इंच माहीत असले तर पडद्याची खरी रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये कशी काढायची. गणित चार ओळींचं आहे आणि ते मी करून दाखवणारच आहे, पण आधी मला तुम्हाला एक विचारायचंय. गेल्या वर्षभरात कोणी कोणी नवीन टीव्ही घेतला? हात वर करा. बरेच आहेत की. काका, तुमचा केवढा? त्रेचाळीस इंची. आणि बॉक्सवर सेंटिमीटर किती लिहिले होते? आठवत नाही, ठीक आहे, मी सांगतो, १०८ लिहिले असणार. आता तुम्ही सगळे सांगा, हे १०८ सेंटिमीटर म्हणजे त्या टीव्हीचं नेमकं काय?

रुंदी. बघा, चार-पाच ठिकाणांहून एकदम आलं, रुंदी. मी १९८६ सालापासून साताऱ्यात टीव्ही दुरुस्त करतोय आणि आता बरीच वर्षं भिंतीला टांगूनही देतो, आणि ज्या घरात जातो तिथे मला हेच उत्तर मिळतं. यात तुमची काही चूक नाही. कपाट घेतलं की पहिला आकडा रुंदीचा असतो, पलंगाचं तसंच, गादीचं तसंच, दाराचं तसंच. घरातल्या एवढ्या सगळ्या वस्तूंमध्ये फक्त पडद्याच्या वस्तूंना आपण तिरकं मोजतो. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत टेप धरायचा, म्हणजे शाळेतल्या भूमितीतला कर्ण, तो १०८. काकांच्या टीव्हीचा पडदा रुंदीला ९४ सेंटिमीटर आहे आणि उंचीला ५३. घरी गेल्यावर मोजा आणि मला फोन करा.

आणि मोजताना उजेड पडतो तेवढीच काच मोजायची बरं का, भोवतीची काळी पट्टी आणि प्लॅस्टिकची चौकट धरायची नाही. तो कर्ण फक्त चित्राचा असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आता मी जी गोष्ट सांगणार आहे ती सगळी याच एका वाक्यावर अडकली.

माझी थोरली बहीण, आक्का, चिंचवडला असते. दाजी बँकेतून रिटायर झाले आणि त्यांनी नवीन फ्लॅट घेतला. दाजी म्हणजे अत्यंत व्यवस्थित माणूस, प्रत्येक गोष्ट डायरीत, दुधाचा हिशोब डायरीत, गॅस कधी लावला ते डायरीत. तर हॉलमध्ये एका भिंतीला टीव्ही युनिट करायचं ठरलं, वरती पुस्तकांचे खण, खाली ड्रॉवर आणि मधे टीव्हीसाठी मोकळा चौकोन. दाजींनी मिस्त्रींना सांगितलं, चार फूट रुंद करा. मिस्त्रींनी डोक्याला लावलेली पेन्सिल काढून भिंतीवरच लिहून घेतलं, चार फूट. ते बरोबरच होतं, प्लायचा शीट आठ बाय चार फुटाचा येतो, त्यामुळे मागची पाठ चार फुटी ठेवली की शीट वाया जात नाही, कुठलाही मिस्त्री तसंच करेल.

मग दाजी टीव्ही बघायला गेले. त्यांना पंचावन्न इंची आवडला. पण माणूस हिशोबी, त्यांच्या मनात आलं की चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस इंच आणि टीव्ही पंचावन्न, मग बसणार कसा? दुकानातल्या मुलाला विचारलं. त्या मुलाचं मला कौतुक वाटतं, कारण त्याने बरोबर उत्तर दिलं. तो म्हणाला, काका, पंचावन्न हे तिरकं माप असतं, रुंदी अठ्ठेचाळीसच आहे, तुमच्या चार फुटात बरोब्बर बसेल. आणि खरंच हो, ५५ इंच कर्णाच्या पडद्याची रुंदी काढली की ४७.९४ इंच येते. दाजींनी डायरीत लिहिलं, रुंदी ४८ इंच, जागा ४८ इंच, आणि पैसे भरले.

दिवाळीतल्या पाडव्याला मी सहकुटुंब त्यांच्याकडे जेवायला, आणि अर्थात टीव्ही लावून द्यायला. बॉक्स उघडला, सील तोडलं, ब्रॅकेट भिंतीला मारून झालं, आणि मी आणि भाचा असे दोघांनी दोन बाजूंनी टीव्ही उचलून त्या चौकोनात घालायला गेलो तर एक कड आत गेली आणि दुसरी बाहेरच. परत काढला, दुसऱ्या बाजूने घातला, तेच. आक्का चकलीचं ताट घेऊन उभी, ती म्हणते, अरे जरा तिरका करून घाला. तिरका करून आत गेला तरी सरळ कसा करणार? शेवटी टीव्ही सोफ्यावर आडवा ठेवला आणि मी टेप काढला.

चौकोन आतून मोजला, ११८ सेंटिमीटर. चार फूट म्हणजे १२१.९ असायला हवे होते, मग जवळजवळ चार सेंटिमीटर गेले कुठे? दोन्ही बाजूंच्या उभ्या फळ्यांमध्ये. प्लाय १८ मिलिमीटरचा, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक, छत्तीस मिलिमीटर तिथेच गेले, वर आतल्या बाजूने दोन्हीकडे मिलिमीटर-मिलिमीटरचं लॅमिनेट. मिस्त्रींचे चार फूट बाहेरून होते. दाजींचे चार फूट आतून होते. आणि दुकानातल्या मुलाचे चार फूट हे नुसत्या पडद्याचे होते, त्याला चौकट लागायची होती. आता टीव्ही मोजला. उजेडाचा भाग १२१ सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंची चौकट धरून एकूण १२३. म्हणजे १२३ ची वस्तू ११८ च्या भोकात घालायचा आमचा प्रयत्न चालला होता. तीन माणसं, तिघंही चार फूट म्हणाली, तिघंही आपापल्या जागी खरं बोलली आणि तरी पाच सेंटिमीटर कमी पडले.

दुकानाला फोन केला, त्यांनी सील तुटलंय म्हणून बदलून द्यायला नकार दिला. मिस्त्रींना फोन केला, ते म्हणाले उभी फळी काढता येणार नाही, वरचे पुस्तकांचे खण तिच्यावरच उभे आहेत. दाजी काही बोलले नाहीत, डायरी उघडून बसून राहिले, आणि ते मला फार लागलं, कारण त्या माणसाने चौकशी केली होती, हिशोब केला होता, कुठेही आळस केलेला नव्हता. शेवटी मी दुसऱ्या दिवशी पुढे ओढता येणारा हाताचा ब्रॅकेट आणला आणि टीव्ही युनिटच्या पुढे लटकवला. छान दिसतो, पण आतल्या कडेने लावलेल्या लाईटच्या पट्ट्या सगळ्या टीव्हीमागे गेल्या, आणि दाजी आजही पाहुण्यांना सांगतात की हा मुळात आत बसायचा होता.

आता त्या बॉक्सवर पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरात, "पडदा १२१ बाय ६८, चौकटीसह १२३ बाय ७१" एवढं लिहिलं असतं तर? पाडव्याचं जेवण वेळेवर, गरम गरम झालं असतं. ही मापं कंपनी देत नाही असं नाही, माहितीपत्रकात असतात, बॉक्सच्या बाजूला बारीक अक्षरात सापडतात कधीकधी, मिलिमीटरमध्ये. पण जाहिरातीत, दुकानातल्या पाटीवर, बिलावर, सगळीकडे तो एकच तिरका आकडा. माझं म्हणणं एवढंच आहे की तो तिरका आकडा खाली न्या आणि रुंदी-उंची वर आणा. ते होईपर्यंत आपण आपलं गणित करायचं, म्हणून आज हे व्याख्यान.

मागून प्रश्न आलाय, मुळात तिरकं मोजायची पद्धत पडलीच का? फार चांगला प्रश्न आणि याचं उत्तर माझ्या आवडीचं आहे, पाच मिनिटं घेतो.

जुन्या टीव्हीची ट्यूब आठवते ना, पिक्चर ट्यूब, मागे निमुळती होत गेलेली काचेची बाटली. तिच्या आतली सगळी हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे बाहेरची हवा तिला सतत आत दाबत असते, दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो. वीस इंची टीव्हीच्या काचेवर म्हणजे हजार-बाराशे किलोचा दाब. असा दाब सोसायला गोल आकार सगळ्यात सोयीचा, कोपरे असले की तिथे ताण साठतो. म्हणून सुरुवातीच्या ट्यूबचं तोंड गोल असायचं, ताटासारखं. अमेरिकेत आरसीएने १९५४ साली पहिला कलर टीव्ही विकायला काढला त्याचीसुद्धा ट्यूब १५ इंची आणि गोल होती. आता गोल वस्तूचं माप एकच असतं, व्यास. ट्यूब बनवणारा म्हणायचा पंधरा इंची, म्हणजे व्यास पंधरा.

पण चित्र तर चौकोनी. मग गोलात चौकोन बसवायचा. परातीत पोळपाट ठेवतो तसं नाही, चौकोनाचे चारही कोपरे गोलाच्या कडेला टेकतील असा. असा चौकोन काढून बघा, त्याचा कर्ण गोलाच्या मध्यातूनच जातो, म्हणजे चौकोनाचा कर्ण आणि गोलाचा व्यास एकच. दहावीच्या भूमितीत आहे हे, अर्धवर्तुळातला कोन काटकोन. म्हणून गोल ट्यूबवर कर्ण सांगणं आणि व्यास सांगणं सारखंच होतं. पुढे चौकोनी तोंडाच्या ट्यूब करता यायला लागल्या, गोल गेला, नंतर ट्यूबही गेली, आता टीव्ही पुस्तकाएवढा पातळ झाला, पण व्यासाचा आकडा कर्ण होऊन राहिला तो राहिलाच.

आणि ट्यूबच्या काळात अजून एक भानगड होती. आपल्याकडे २९ इंची म्हणून जो टीव्ही मिळायचा त्यात २९ इंच ही काचेच्या ट्यूबची बाहेरची मोजणी, ७३ सेंटिमीटर. त्यातली कडेची काच डब्याच्या चौकटीमागे जायची आणि दिसायचं चित्र ६८ सेंटिमीटर कर्णाचं. २१ इंचीमध्ये दिसायचे ५१ सेंटिमीटर, म्हणजे खरे वीस इंच. आजचे टीव्ही या बाबतीत पुष्कळ प्रामाणिक आहेत, बॉक्सवरचे सेंटिमीटर हे दिसणाऱ्या पडद्याचेच असतात. फक्त इंच थोडे वर ओढलेले असतात. ४३ ला २.५४ ने गुणा, १०९.२ येतात, पण बॉक्सवर १०८, कारण खरा पडदा साडेबेचाळीस इंचाचा. ३२ इंचीवर ८० लिहिलेलं असतं, ते साडेएकतीस इंच झाले. त्यामुळे गणित करताना शक्यतो बॉक्सवरचे सेंटिमीटर घ्या, इंच घेऊ नका. कर्णाचे सेंटिमीटर खरे असतात, ते रुंदीचे नसतात एवढंच.

आता आईची गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय टीव्हीच्या रुंदी-उंचीचं प्रमाण सांगणारा दुसरा आकडा कळणार नाही, तो सोळा बाय नऊ.

२०११ साली मी घरातला जुना २९ इंची ट्यूबचा टीव्ही काढला आणि ३२ इंची एलसीडी लावला. आईचे डोळे अधू व्हायला लागले होते, म्हटलं मोठा टीव्ही घेऊ, तीन इंच जास्त. आई सह्याद्रीवरचे जुने कार्यक्रम बघायची. पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली, मोठा आणला म्हणालास, यात तर माणसं बारीक झाली. घरातले सगळे म्हणाले, अगं आई, हा मोठा आहे, बघ किती लांब आहे. ती म्हणाली, लांब असेल, माणसं बारीक झालीत. दोन दिवस सगळ्यांनी तिला समजावलं. तिसऱ्या दिवशी मी टेप घेऊन बसलो, जुना टीव्ही दुकानातच होता, आणि आईचं शंभर टक्के खरं निघालं.

जुन्या टीव्हीचं दिसणारं चित्र चार बाय तीन आकाराचं, म्हणजे रुंदी चार भाग तर उंची तीन भाग. ६८ सेंटिमीटर कर्ण, रुंदी ५४.४, उंची ४०.८. नवीन टीव्हीचा कर्ण ८०, पण आकार सोळा बाय नऊ, रुंदी ६९.७ आणि उंची फक्त ३९.२. कर्ण बारा सेंटिमीटरने वाढला आणि उंची दीड सेंटिमीटरने कमी झाली! आणि आईचा कार्यक्रम जुना, चार बाय तीनचा, तो या पडद्याच्या मधोमध दिसणार, उंची ३९.२ आणि रुंदी ५२.३, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. म्हणजे जुन्या टीव्हीपेक्षा चित्र उंचीलाही कमी आणि रुंदीलाही कमी. माणसं बारीकच झाली होती. आईने टेप लावला नव्हता, तिने नुसतं बघितलं होतं. मी तिच्यासमोर बसून ते आकडे वाचून दाखवले, ती म्हणाली, मग मी काय वेगळं सांगत होते.

मग माझ्या पुतण्याने उपाय केला. रिमोटवरून पिक्चर साइज बदललं आणि काळ्या पट्ट्या घालवल्या, चित्र ताणून पूर्ण पडदाभर केलं. ५२.३ चं चित्र ६९.७ वर नेलं म्हणजे प्रत्येक गोष्ट रुंदीला एक तृतीयांशने वाढली आणि उंची तेवढीच. आई म्हणाली, आता सगळे सुजलेत. हे ताणलेलं चित्र मी आजही घराघरात बघतो, लोकांना काळ्या पट्ट्या म्हणजे पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. ओळखायची साधी खूण सांगतो, पडद्यावर एखादी गोल वस्तू यायची वाट बघा, गाडीचं चाक, भिंतीवरचं घड्याळ, तिरंग्यातलं चक्र, आणि सरळ समोरून दिसत असेल तेव्हा टेपने आडवं आणि उभं मोजा. दोन्ही सारखं आलं तर चित्र बरोबर. आडवं जास्त आलं तर चित्र ताणलेलं आहे. तिसरा पर्याय झूमचा असतो, त्यात गोल गोलच राहतं पण वरून-खालून मिळून पाव चित्र कापलं जातं, मग निवेदिकेचं कपाळ जातं आणि खालची अक्षरं जातात. आईसाठी मी चार बाय तीनच ठेवलं आणि पुढच्या वर्षी ४० इंची आणला, त्याची उंची ४९ सेंटिमीटर. मग तिची काही तक्रार राहिली नाही. तुमच्या घरात अजून जुना ट्यूबचा टीव्ही असेल आणि त्यापेक्षा मोठं चित्र हवं असेल, तर जुन्या चित्राची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा आणि तिला सव्वाने भागा, जे इंच येतील त्याच्या वरचं माप घ्या. आईचं ४०.८ भागिले सव्वा, साडेबत्तीसच्या वर येतं. ३२ घेऊन चालणारच नव्हतं.

चिठ्ठी आली आहे. आठ मिनिटं राहिलीत म्हणे. अध्यक्षबाई, मी दहा घेतो, ज्यासाठी लोक आलेत ते गणितच राहिलंय. फळ्याकडे बघा, भरभर जातो.

जुना आकार आधी, कारण तो सोपा आहे. चार बाय तीन. घर बांधताना गवंडी काटकोन कसा धरतो? दोरीवर एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट, आणि तिरकं पाच फूट भरलं की कोपरा काटकोनात. तोच हा त्रिकोण. तीनचा वर्ग नऊ, चारचा सोळा, बेरीज पंचवीस, त्याचं वर्गमूळ पाच. म्हणजे कर्णाचे पाच भाग केले तर चार भाग रुंदी आणि तीन भाग उंची. २० इंच कर्ण असेल तर रुंदी १६ इंच, उंची १२ इंच. २.५४ ने गुणा, ४०.६ आणि ३०.५ सेंटिमीटर. झालं.

आता सोळा बाय नऊ. रीत तीच. सोळाचा वर्ग २५६, नऊचा ८१, बेरीज ३३७. वर्गमूळ पूर्ण येत नाही, १८.३६ धरा. म्हणजे कर्णाचे १८.३६ भाग केले तर १६ भाग रुंदी आणि ९ भाग उंची.

रुंदी = कर्ण × १६ ÷ १८.३६
उंची = कर्ण × ९ ÷ १८.३६

भागाकार पूर्ण वर्गमूळ, १८.३५७६, घेऊन एकदाच करून ठेवा, रुंदीसाठी ०.८७१६ आणि उंचीसाठी ०.४९०३. दाजींच्या बॉक्सवर १३९ होते. १३९ गुणिले ०.८७१६, १२१.२. आणि १३९ गुणिले ०.४९०३, ६८.२. तपासून बघायचं असेल तर १२१.२ ला ६८.२ ने भागा, १.७८ आलं पाहिजे, सोळा भागिले नऊ तेवढेच येतात. काकांचा १०८, रुंदी ९४.१, उंची ५३. कर्ण सेंटिमीटरमध्ये दिला की उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं, मधे इंच आणायची गरजच नाही.

दुकानात उभ्या उभ्या करायचं असेल तर माझी रीत घ्या. इंच दुप्पट करा आणि आलेल्या आकड्याचा दहावा भाग त्यात मिळवा, रुंदी सेंटिमीटरमध्ये मिळाली. ५५ ची दुप्पट ११०, त्यात ११, १२१. उंचीला इंचाची सव्वापट, पंचावन्न सव्वे अडुसष्ट पूर्णांक तीन चतुर्थांश. एखाद्या सेंटिमीटरचा फरक राहील, पण या रीतीत २.२१ ऐवजी २.२ धरलेत आणि बॉक्सवरचे इंचही थोडे जास्त असतात, त्यामुळे दोन्ही चुका एकमेकींना सावरून घेतात.

हे दोन पुठ्ठे मी कापून आणलेत, पुढच्या रांगेतून मागे पाठवा. दोन्हींचा कर्ण २० इंच, टेप लावून बघा. एक ४०.६ बाय ३०.५, दुसरा ४४.३ बाय २४.९. आकडा एकच, वीस इंच, पण रुंद पुठ्ठ्याचं क्षेत्रफळ साधारण ११ टक्क्यांनी कमी आहे. आकार जेवढा लांबुळका तेवढं त्याच कर्णात चित्र कमी. म्हणून नुसता कर्ण सांगून काहीच सांगितल्यासारखं होत नाही, आकार माहीत असावाच लागतो. आज सगळे टीव्ही सोळा बाय नऊचेच असल्याने निभावतं, पण कॉम्प्युटरचे पडदे सोळा बाय दहाचे मिळतात, एकवीस बाय नऊचेही मिळतात, तिथे २.२ ची रीत लावू नका, वर्गमूळापासून सुरू करा.

सोळा आणि नऊच का, हे कोणीतरी लिहून पाठवलंय. एका वाक्यात सांगतो. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या केर्न्स पॉवर्स नावाच्या इंजिनिअरने टीव्हीच्या आणि सिनेमाच्या वेगवेगळ्या आकारांचे, क्षेत्रफळ सारखं असलेले चौकोन कापून एकावर एक ठेवले आणि त्या सगळ्यांना कवेत घेणारा जो बाहेरचा चौकोन आला तो या मापाच्या जवळचा होता. चार बाय तीनला परत चार बाय तीनने गुणलं तरी सोळा बाय नऊच येतात, हे घरी करून बघा.

आता उलटं गणित, आणि ते जास्त उपयोगाचं. जागा माहीत आहे, टीव्ही केवढा आणायचा? दाजींची जागा आतून ११८. त्यातून दोन्ही बाजूंना हात जायला आणि हवा खेळायला तीन-तीन सेंटिमीटर सोडा, उरले ११२. चौकटीचे दोन वजा करा, ११०. हा झाला पडदा. ११० भागिले ०.८७१६, १२६ सेंटिमीटर कर्ण. दुकानात ५० इंचीच्या बॉक्सवर कितीतरी वेळा नेमकं १२६ लिहिलेलं असतं! तो टीव्ही त्या चौकोनात मापात बसला असता, लाईटच्या पट्ट्यांसकट. चौकटीचे मी दोन सेंटिमीटर धरलेत, पण ते अंदाजाचे आहेत, काही टीव्हींना कमी, काहींना जास्त, खालची पट्टी तर बहुतेकांची जाड असते. म्हणून हे गणित टीव्ही निवडायला वापरा, आणि मिस्त्रींना माप देताना मात्र माहितीपत्रकातली चौकटीसह रुंदी-उंची द्या, मिलिमीटरमध्ये, आणि "आतून" हा शब्द दोनदा सांगा. टीव्ही पायांवर ठेवणार असाल तर दोन पायांमधलं अंतरही बघून घ्या, हल्ली पाय पार टोकांना असतात आणि टेबल छोटं पडतं.

हो काकू, विचारा, शेवटचा प्रश्न. दोन खिडक्यांच्या मधे १३२ सेंटिमीटर भिंत आहे आणि नातवाला ६५ इंची हवाय. ६५ ची दुप्पट १३०, त्यात १३, म्हणजे नुसता पडदाच १४३, दोन्ही बाजूंनी खिडकीवर जाईल, खिडक्यांचे पडदे ओढता येणार नाहीत. ५५ घेतलात तर चौकटीसह १२३, दोन्हीकडे साडेचार-साडेचार सेंटिमीटर भिंत दिसेल. आणि तुमचा स्विचबोर्ड टीव्हीच्या मागे येणार की खाली? माहीत नाही? मग आज घरी गेल्यावर वर्तमानपत्रं चिकटवून १२३ बाय ७१ चा कागद करा आणि चिकटपट्टीने त्या भिंतीला लावा, स्विचबोर्ड झाकला गेला तर मला फोन करा, मी येऊन बघतो.